न्हाणीचा उतार : चौकोनी जाळी की लांब चॅनेल?
चौकोनी जाळी शॉवरच्या मधोमध असली, की फरशीला चारही बाजूंनी उतार द्यावा लागतो. हे उतार मिळतात त्या तिरक्या रेषांवर टाइल कापावीच लागते; 60 सेंटिमीटरची टाइल तिथे अखंड बसवली, तर कोपरा वर राहून पायाला लागतो. लहान तुकड्यांच्या मोझेकला ही अडचण फारशी नाही. भिंतीलगतच्या लांब चॅनेलला मात्र एकाच दिशेचा उतार पुरतो आणि मोठ्या टाइल शाबूत राहतात. मीटरमागे 2 सेंटिमीटर उतार धरला, तर दीड मीटरच्या जागेत समोरची कड 3 सेंटिमीटर उंच येते. हा उतार खालच्या कोब्यातच हवा. चिकटवणीचा थर जाड करून तो साधू नये. टाइल बसवण्याआधी कोब्यावर बादलीभर पाणी ओतले, की डबक्याची जागा दिसते.