रंगीत तालीम आणि बाईंची मुलाखत

मॉक्युमेंटरी म्हणजे माहितीपटाचं रूप घेतलेली कल्पित गोष्ट. पात्रं लेखकाने रचलेली असतात, पण आपलं चित्रीकरण चाललंय हे त्यांना ठाऊक असतं. मधूनच एखादं पात्र बाजूला बसून कॅमेऱ्याशी बोलतं. 'द ऑफिस' या ब्रिटिश मालिकेने २००१मध्ये ही पद्धत घरोघरी नेली. त्याआधी १९९६मध्ये क्रिस्टोफर गेस्ट यांनी 'वेटिंग फॉर गफमन' या चित्रपटात एका छोट्या अमेरिकन गावातल्या हौशी नाटकाच्या तालमी याच पद्धतीने दाखवल्या. आपल्या शाळेच्या गॅदरिंगच्या तालमीही याच घराण्यात शोभतात.

पटकथा लिहायला बसताना पहिला प्रश्न असा की कॅमेरा शाळेत आला कशाला? शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे आणि एक माजी विद्यार्थी त्यासाठी फिल्म करतोय, एवढं कारण पुरतं. या कारणामुळेच प्रत्येकजण कॅमेऱ्यासमोर थोडा सावरून बसतो. माणूस सावरून काय सांगतो आणि तालमीत प्रत्यक्ष काय करतो, यातल्या अंतरातच त्याचा स्वभाव दिसतो. मुलाखतीचं काम ते अंतर उघडं करणं.

समजा, शिवराज्याभिषेकाचं नाटक बसतंय. पटकथेचा तुकडा असा:

मुलाखत. बाई, स्टाफरूम.
बाई: माझ्याकडे लहान भूमिका, मोठी भूमिका असं काही नसतं. रंगमंचावर सगळी मुलं सारखीच.

तालीम. शाळेचं सभागृह.
बाई: महाराज, बाळा, घसा दुखतोय का? पाणी पी. जिजाऊ, पदर नीट घे. आणि ए... तू, भाला! भिंतीला टेकू नकोस.

मुलाखत. भालदार झालेला मुलगा, विंगेत.
भालदार: मला वाक्य नाहीये. पण पडद्याची दोरी फक्त माझ्याच हाताला पोचते. बाई म्हणाल्या, तू उंच आहेस ते बरंय.

मुलाने तक्रार केली नाही, हे नीट पाहा. 'बाई माझं नावही घेत नाहीत' असं त्याच्या तोंडी घातलं असतं, तर प्रेक्षकाने नुकतंच पाहिलेलं त्याला पुन्हा सांगितल्यासारखं झालं असतं. नवख्या लेखकाची मुलाखत बहुतेक इथेच फसते. ती ओळखायची सोपी खूण आहे. मुलाखत काढून प्रसंग वाचावा. काहीच उणं वाटलं नाही, तर ती मुलाखत नकोच. इथे भालदाराची मुलाखत काढली, तर दोरीचा अभिमान जातो आणि मुलगा नुसता बिचारा उरतो.

दुसरी फसगत भाषेची. बाई, पर्यवेक्षक सर, शिपाईमामा, सातवीतली मुलगी, सगळेच लेखकासारखे चुरचुरीत बोलायला लागतात. नावं झाकून संवाद वाचले की हे लगेच कळतं. पर्यवेक्षक सर सूचना वाचून दाखवल्यासारखं बोलतील. शिपाईमामा नाटकाबद्दल बोलणारच नाहीत, खुर्च्यांबद्दल बोलतील, कारण त्या मंडपवाल्याकडून त्यांनाच मोजून घ्यायच्या असतात.

आता बाईंकडे परत येऊ. त्यांना ढोंगी ठरवून सोडून दिलं तर गोष्ट तिथेच संपते. रंगीत तालमीच्या दिवशी महाराजांना ताप येतो. बाई वही घेऊन उभ्या, सगळे गप्प. तेवढ्यात मागून राज्याभिषेकाचा अख्खा संवाद ऐकू येतो. बोलणारा भालदार असतो. रोज उभ्या उभ्या ऐकून त्याला पाठ झालेला. बाई त्याला पुढे बोलावतात, पण आडनावाने, कारण नाव आठवत नाही. त्यानंतरची मुलाखत छोटी ठेवावी:

बाई: छान म्हणाला तो. (थांबून) मी आठवीत असताना कोरसमध्ये होते. तिसऱ्या रांगेत. (पुन्हा थांबून) हे घेऊ नका फिल्ममध्ये.

शेवटच्या वाक्याने दोन गोष्टी साधतात. बाई पहिल्यांदाच कॅमेरा विसरल्या होत्या आणि आता त्यांना तो आठवला. पहिल्या मुलाखतीतलं 'सगळी मुलं सारखीच' हे त्यांनी कॅमेऱ्यासाठी म्हटलं असलं, तरी ते खोटं नव्हतं, हेही आता उमगतं. त्यांना तसं खरोखर वाटत होतं, फक्त घाईत पाळायचं राहून गेलं होतं. पात्राबद्दलचं आपलं मत असं बदललं, तर मुलाखतीची जागा बरोबर साधली.

ही वेळ कधी यावी, यालाही महत्त्व आहे. प्रसंगाआधीची मुलाखत फुशारकीची असते, कारण पुढे काय होणार हे बोलणाऱ्याला माहीत नसतं. प्रसंगानंतरची सारवासारवीची किंवा कबुलीची. बाईंची कबुली आधीच आली असती, तर तालमीतलं त्यांचं वागणं आपण सुरुवातीपासूनच माफ केलं असतं आणि पाहायला काही उरलं नसतं.

एक पथ्य मात्र मी कटाक्षाने पाळतो. मुलांच्या मुलाखतीत हसू त्यांच्या अज्ञानावर येऊ देत नाही. लहान मूल आपल्या कामाकडे अत्यंत गांभीर्याने पाहतं. दोरीबद्दल बोलणाऱ्या त्या मुलाचं पटकथेतलं पुढचं वाक्य म्हणूनच असं आहे: 'पडदा आधी उजवीकडून सुटतो, म्हणून मी डावी दोरी जरा जास्त ओढतो.' हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि प्रयोगाच्या रात्री पडदा अडकेल तेव्हा हेच कामी येणार आहे.