धामच्या काठावरचे यम आणि ध्यानाची जागतिक बाजारपेठ

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर पवनार लागते, आणि पुलावरून धाम नदीकडे पाहिले असता पलीकडच्या उंचवट्यावर विनोबांचा परंधाम आश्रम दिसतो. १९५० च्या आरंभी या उंचवट्यावर एक प्रयोग सुरू झाला, ज्याला विनोबांनी 'कांचनमुक्ती' असे नाव दिले. पैशाच्या रूपाने येणारे दान स्वीकारावयाचे नाही, अन्न व वस्त्र आश्रमवासीयांनी आपल्या हातांनी निर्माण करावयाचे, शेतात बैलदेखील जुंपावयाचे नाहीत, असा त्याचा दंडक होता. आणि त्यानुसार कुदळीने जमीन खणणे, विहीर खोदणे, रहाट माणसांनी ओढणे ही कामे तेथे साधना म्हणून केली जात. पुढल्याच वर्षी विनोबा तेलंगणात गेले, पोचमपल्लीस भूदानाचा उगम झाला, आणि लोकांच्या स्मरणात भूदान राहून कांचनमुक्ती मागे पडली. आज योग आणि ध्यान या दोन गोष्टी जगाच्या आरोग्यबाजारात महाग किमतीस विकल्या जात असताना मला या विस्मृत प्रयोगाकडे पुन्हा वळावेसे वाटते. कारण बाजाराने योगातून नेमके काय उचलले आणि काय टाकले, हे पवनारच्या त्या शेतात उभे राहिले असता जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

पतंजलींनी योगाची आठ अंगे सांगितली, त्यांत आसन तिसरे, प्राणायाम चौथे आणि ध्यान सातवे आहे. पहिले अंग यम. आणि यम म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह. हे पाचही यम मनुष्याचा इतर मनुष्यांशी व वस्तूंशी असलेला व्यवहार नियमित करणारे आहेत; त्यांतला एकही एकट्याने चटईवर बसून पाळता येण्याजोगा नाही. गांधींनी आपल्या आश्रमांसाठी जी एकादश व्रते ठरविली त्यांत हेच पाच यम अग्रस्थानी येतात आणि त्यांना शरीरश्रम, अस्वाद, अभय, सर्वधर्मसमानत्व, स्वदेशी व स्पर्शभावना यांची जोड दिलेली आढळते. तेव्हा १९३६ साली सेवाग्रामला गांधी येऊन राहिले आणि १९३८ साली विनोबा पवनारला आले, त्यानंतर या जिल्ह्यात जे घडले ते योगशास्त्राच्या पहिल्या पायरीवरचे दीर्घ अनुष्ठान होते, असे म्हणावयास हरकत नाही. जगाने मात्र तिसरी, चौथी आणि सातवी पायरी तेवढी घेतली.

हे कसे घडले याचा छडा लावण्यासाठी विपश्यनेचा इतिहास घेतो. कारण त्यात एकाच उगमातून निघालेले दोन प्रवाह, एक दानावर चालणारा आणि एक किमतीवर चालणारा, शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशातील मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले व्यापारी. अर्धशिशीच्या असह्य व्यथेमुळे ते १९५५ साली सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे त्या देशाचे अकाउंटंट जनरल, म्हणजे सरकारी जमाखर्चाचे मुख्य अंमलदार होते आणि त्याबरोबरच ध्यानाचे आचार्यही होते. चौदा वर्षांनी, १९६९ साली, गोयंका भारतात आले; मुंबईच्या एका धर्मशाळेत त्यांनी पहिले शिबिर घेतले, आणि १९७६ साली नाशिक जिल्ह्यात इगतपुरी येथे धम्मगिरी हे केंद्र उभे राहिले. प्रारंभीच्या काळात विनोबांनी त्यांना एक कसोटी घातली होती, ही आठवण विपश्यनेच्या साधकांत आजही सांगितली जाते: ही विद्या खरी असेल तर ती तुरुंगातील कैद्यांना आणि शाळेतील मुलांना देऊन दाखवा. १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात शिबिर झाले आणि १९९४ साली दिल्लीच्या तिहारमध्ये एका वेळी सुमारे हजार कैदी बसले. ज्याच्या खिशात काही नाही त्याला ही विद्या पोहोचते की नाही, हीच विनोबांची कसोटी होती. आणि ती मला आजच्या चर्चेतही सर्वांत उपयुक्त वाटते.

इगतपुरीची व्यवस्था जवळून पाहण्यासारखी आहे. शिबिर दहा दिवसांचे असते; पहाटे चार वाजता घंटा होते, दिवसाकाठी दहा तासांहून अधिक वेळ बसावे लागते, आणि नवव्या दिवसापर्यंत आर्यमौन पाळावयाचे असते. परंतु या सर्वांच्या आधी, पहिल्याच संध्याकाळी, साधक पाच शीले घेतो: हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मादक पदार्थ यांपासून दूर राहण्याची. शीलाशिवाय समाधी नाही, हा क्रम तेथे तडजोडीचा विषय नाही. त्यानंतर साडेतीन दिवस केवळ नैसर्गिक श्वासाकडे पाहणे, आणि मग शरीरावरील संवेदनांचे निरीक्षण. शिकवण्याची, राहण्याची वा जेवणाची फी घेतली जात नाही, आणि दान देण्याचा अधिकार निदान एक शिबिर पूर्ण केलेल्यालाच असतो. या नियमाचा अर्थ बारकाईने पाहावा. नवा साधक जे जेवतो ते आधी येऊन गेलेल्या अनोळखी इसमाने दिलेले असते, आणि त्याने पुढे काही दिले तर ते त्याच्यानंतर येणाऱ्याच्या ताटात जाते. देणारा व घेणारा यांची समोरासमोर गाठच पडत नाही. जेथे गाठ पडत नाही तेथे भाव ठरत नाही, आणि भाव ठरत नाही तेथे "मी पैसे मोजले आहेत, मला अमुक मिळाले पाहिजे" ही गिऱ्हाइकाची वृत्ती उभी राहावयास जागा उरत नाही.

आता दुसरा प्रवाह पाहू. १९७०–७१ च्या सुमारास बोधगयेला गोयंकांच्या शिबिरांत जे तरुण अमेरिकन बसले त्यांत जोसेफ गोल्डस्टीन व शॅरन साल्झबर्ग हे होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी जॅक कॉर्नफील्ड यांच्यासह मॅसॅच्युसेट्समधील बॅरी या गावी ध्यानकेंद्र स्थापले. त्याच राज्यात, वूस्टर येथील वैद्यकीय विद्यापीठात, जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात श्वासाकडे लक्ष देणे, देहाचे अवयवशः निरीक्षण आणि सौम्य योगासने होती. बौद्ध परिभाषा हेतुपुरस्सर बाजूला ठेवलेली होती. हे करण्यात त्यांचा हेतू निर्मळ होता असेच मी मानतो. औषधाने न शमलेले दुखणे घेऊन येणारा रुग्ण शरणत्रय घ्यावयास सांगितले असते तर दारातूनच परतला असता. तथापि परिणाम असा झाला की ध्यान हे शीलापासून सुटे करून, ठराविक आठवड्यांच्या आणि ठराविक किमतीच्या मापात बांधता येते, हे सिद्ध झाले. पुढे मोबाइलवर 'हेडस्पेस' आणि 'काम' यांसारखी ध्यानाची अॅप्स आली. आठ आठवड्यांचे माप दहा मिनिटांवर आले, गुरूच्या जागी ध्वनिमुद्रित आवाज आला, आणि २०१९ साली 'काम' या कंपनीचे मूल्य एक अब्ज डॉलर ठरविले गेले.

या स्थित्यंतराची एक जबाबदारी आपल्याकडेही येते, हे येथे नमूद केले पाहिजे. ही विद्या कोणत्याही संप्रदायाची नाही, श्वास हिंदूचा नसतो की मुसलमानाचा नसतो, हे गोयंका आयुष्यभर सांगत राहिले. आणि त्यामुळेच जैन मुनी, ख्रिस्ती जोगिणी व मुसलमान कैदी त्यांच्यासमोर एका ओळीत बसू शकले. परंतु ज्या दारातून सर्व धर्म आत आले त्याच दारातून बाजारही आत आला. विद्या कोणाचीच नसेल तर ती कोणीही घेऊन जावी, या न्यायाने तिच्याबरोबरची बंधने मागे टाकण्यास व्यापाऱ्याला अडचण पडली नाही.

धर्म आणि उपभोग यांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांत याविषयी एकमत नाही. जेरेमी कॅरेट व रिचर्ड किंग यांनी २००५ साली अध्यात्म हे भांडवलशाहीच्या ताब्यात गेल्याचे मांडले. रोनाल्ड पर्सर यांनी २०१९ साली अधिक नेमका आक्षेप घेतला: कामाचे तास, पगार आणि मालकाची वागणूक यांतून निर्माण होणारा ताण कामगाराच्या मनाचा दोष ठरविला जातो आणि उपाय म्हणून त्यालाच श्वास मोजावयास सांगितले जाते. याउलट अँड्रिया जैन यांनी २०१४ सालच्या आपल्या ग्रंथात असे दाखविले की विकत घेतलेला योगही अनेकांच्या आयुष्यात खराखुरा धार्मिक अर्थ धारण करतो, आणि शुद्ध योग व भ्रष्ट योग अशी रेघ इतिहासाला धरून ओढता येत नाही. जैन यांचे म्हणणे मला अंशतः मान्य आहे. आसनांचे आजचे स्वरूप बऱ्याच अंशी विसाव्या शतकात घडले, आणि ते घडविण्यात १९२४ साली लोणावळ्यास प्रयोगशाळा थाटणाऱ्या स्वामी कुवलयानंदांचा, तसेच पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचा वाटा मोठा होता. बदल हा काही पाप नव्हे. पर्सर यांचा आक्षेप मात्र मला अधिक खोल वाटतो, आणि त्याचे मूळ उत्तर वर्ध्यात सापडते. मनाची अशांती शोषणातून आलेली असेल तर प्रथम शोषणात आपला वाटा किती हे तपासावे, असे यम सांगतात. शरीरश्रमाचे व्रत त्यासाठीच होते.

यम वजा केले की काय होते, त्याचा एक उघडा दाखला देतो. बिक्रम चौधरी यांनी तापविलेल्या खोलीत करावयाचा सव्वीस आसने व दोन श्वसनप्रकारांचा एक क्रम अमेरिकेत लोकप्रिय केला, आणि त्या क्रमावर आपला स्वामित्वहक्क असल्याचा दावा लावला. ज्या परंपरेत अस्तेय आणि अपरिग्रह हे आसनाच्या आधी येतात, त्या परंपरेतील आसनांच्या क्रमावरच मालमत्तेचा फलक लावला गेला. २०१५ साली तेथील अपील न्यायालयाने तो दावा फेटाळला. आसनांचा क्रम ही आरोग्याची पद्धती अथवा कल्पना आहे, तिच्या वर्णनाच्या शब्दांचे रक्षण होईल, पण त्या पद्धतीचे नाही, असा निर्णय झाला. जे न्यायालयाने कायद्याच्या भाषेत सांगितले ते योग्याला यमाच्या भाषेत आधीच ठाऊक असावयास हवे होते.

दानाच्या मार्गालाही मर्यादा आहेत. धम्मगिरीचे दहा दिवस विनामूल्य असले तरी ते दहा दिवस मोकळे असावे लागतात. आर्वी-हिंगणघाटकडे कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रीला ऐन हंगामात दहा रोज बुडविणे परवडत नाही, आणि तुरुंगापर्यंत पोहोचलेली ही विद्या तिच्यापर्यंत अद्याप फारशी आलेली नाही. गंभीर मानसिक विकार असलेल्यांसाठी इतके दीर्घ मौन हितावह नसते, म्हणूनच अर्जात त्याची विचारणा असते. अॅपवर बसणाऱ्याला असे विचारणारा कोणी समोर नसतो. खुद्द वर्ध्याच्या आश्रमांनाही जमनालाल बजाजांचे द्रव्य लागले होते, हे विसरून चालणार नाही. म्हणून पैसे घेतले हा माझा आक्षेपच नाही. आसनाच्या शिक्षकाने आपल्या श्रमाचा मोबदला घेणे हे न्याय्य आहे, कारण त्यालाही घर चालवावयाचे असते. माझा आक्षेप हा की, विकण्यापूर्वी यम काढून टाकला जातो आणि उरलेल्या भागालाच संपूर्ण योगाचे नाव दिले जाते.

परंधामच्या परिसरात १९५९ साली विनोबांनी ब्रह्मविद्या मंदिर स्थापले. तेथे स्त्रियांनी सामूहिक साधना करावी, नोकर ठेवू नयेत, आणि निर्णय सर्वसंमतीने घ्यावेत अशी योजना होती. दळणे, सूत कातणे, शेत, स्वयंपाक आणि प्रार्थना यांत तेथे वरखाली अशी प्रतवारी नाही. जात्याशी बसलेली स्त्री ध्यान करीत नाही असे म्हणण्याचे धाडस ज्याने ते जाते फिरताना पाहिले आहे त्याला व्हावयाचे नाही. पाठ ताठ असते, हात एका लयीत फिरतो, श्वास त्या लयीला धरून चालतो, आणि शेवटी कुणाच्या तरी भाकरीचे पीठ टोपलीत पडलेले असते.

दरवर्षी २१ जूनला आपल्या जिल्ह्यातही शाळांतून व मैदानांवर योगाचे वर्ग भरतात. त्यांच्या चालकांना माझी एवढीच विनंती आहे की, ताडासनाच्या आधी दहा मिनिटे राखून ठेवावीत, आणि अस्तेय म्हणजे काय, अपरिग्रह म्हणजे काय, हे समोर बसलेल्या मुलांना समजेल अशा मराठीत सांगावे.