ज्यांचं मशीन, त्यांच्याकडे जा?

एटीएममध्ये पिन टाकला, रक्कम टाकली. आतून नोटा मोजल्याची घरघर ऐकू आली आणि मग सगळं शांत. पडद्यावर व्यवहार पूर्ण होऊ शकत नसल्याची दिलगिरी आली आणि त्याच क्षणी खिशातला मोबाइल वाजला: खात्यातून १०,००० रुपये वजा. मागे रांगेत उभा असलेला कुणीतरी अनुभवी माणूस अशा वेळी हमखास सल्ला देतो, ‘मशीन ज्या बँकेचं आहे ना, तिथं जाऊन अर्ज द्या.’

हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे, की आता तो कानावर पडला की चिडचिड होते. रांगेतल्या माणसाचं एक वेळ समजू शकतं. पण हेच उत्तर बँकेच्या काउंटरपलीकडून मिळतं तेव्हा काय म्हणावं? आमच्या शेजारच्या काकूंना जानेवारीत ते मिळालं. कार्ड एका बँकेचं आणि एसटी स्टँडसमोरचं मशीन दुसऱ्या बँकेचं. काकूंच्या बँकेनं ‘आमचं मशीन नाही’ म्हणून हात वर केले. मशीनवाल्या बँकेनं विचारलं, ‘तुमचं आमच्याकडे खातं आहे का? नाही ना? मग आम्ही काय बघणार?’ सांधेदुखी सांभाळत काकूंनी तीन दिवस दोन शाखांमध्ये खेटे घातले.

उत्तर सोपं आहे. तक्रार तुमच्या बँकेकडेच करायची, म्हणजे ज्या बँकेनं कार्ड दिलं आणि जिथं तुमचं खातं आहे तिच्याकडे. मशीन कुणाचंही असो. बँकांऐवजी खासगी कंपन्या चालवतात त्या मशीनलाही हाच नियम लागू होतो. व्यवहार आत कसा चालतो हे पाहिलं की कारण लगेच कळतं.

तुम्ही दुसऱ्या बँकेच्या मशीनमध्ये कार्ड घालता तेव्हा त्या मशीनला तुमच्या खात्यातलं काहीच दिसत नसतं. तुमची मागणी आधी मशीनच्या बँकेकडे जाते. तिथून ती नॅशनल फायनान्शियल स्विच नावाच्या सामायिक जाळ्यातून तुमच्या बँकेपर्यंत पोहोचते. हे जाळं नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवतं. तुमची बँक पिन आणि शिल्लक तपासते, रक्कम वजा करते आणि ‘द्या’ असा निरोप उलट पाठवते. त्यानंतर मशीन नोटा मोजायला घेतं. म्हणजे पैसे आधी कापले जातात आणि नोटा नंतर बाहेर येतात. या दोन्हींच्या मधल्या काही सेकंदांत काहीतरी बिघडलं, की काकूंसारखी गत होते.

बिघाड साधारण दोन जागी होतो. एक तर ‘द्या’ हा निरोप वाटेतच हरवतो. मशीन वाट बघून बघून व्यवहार सोडून देतं, पण तुमच्या बँकेच्या लेखी पैसे दिलेले असतात. किंवा निरोप वेळेत येतो आणि नोटा आतच अडकतात. चिकटलेल्या किंवा शंकास्पद नोटा मशीन बाहेर देत नाही, त्या आतल्या वेगळ्या पेटीत टाकतं. दोन्ही प्रकारांत ‘व्यवहार फसला, रक्कम परत जमा करा’ असा उलटा संदेश तुमच्या बँकेला जायला हवा. तो गेला तर काही मिनिटांतच पैसे जमा झाल्याचा दुसरा एसएमएस येतो. बहुतेकांना हाच अनुभव येतो, म्हणून ‘आपोआप येतात हो, काही करायला लागत नाही’ हा सल्लाही तितकाच लोकप्रिय आहे. पण त्याच वेळी लाइन गेलेली असेल किंवा वीज गेली असेल, तर तो संदेशही अडकतो. मग दोन्ही बँकांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहीपर्यंत रक्कम लटकून राहते.

काकूंना हे सगळं माहीत असण्याची गरज नव्हती. मशीनची बँक त्यांना ओळखत नाही, त्यांच्या खात्यात पैसे टाकू शकत नाही आणि त्यांच्याशी तिचा कसला करारही नाही. मशीनमध्ये त्या दिवशी नोटा जास्त निघाल्या का, त्याच्या नोंदवहीत काय लिहिलं गेलं, हे विचारायचं काम काकूंच्या बँकेचं आहे. ते विचारण्याची रीत बँकाबँकांत ठरलेली आहे. ग्राहकानं मध्ये टपालवाल्याचं काम करायची गरज नाही.

आता मुदतीकडे येऊ. इथंही ऐकीव गोष्टींचा सुळसुळाट आहे. कुणी ‘सात कामकाजाचे दिवस’ सांगतं, कुणी ‘बारा दिवस’. हे आकडे कुणाच्या डोक्यातून निघालेले नाहीत, ते जुन्या नियमांतले आहेत. २०११ च्या नियमात तक्रार मिळाल्यापासून सात कामकाजाचे दिवस अशी मुदत होती आणि भरपाई हवी तर व्यवहारापासून ३० दिवसांच्या आत तक्रार करावी लागे. रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानं हे चित्र बदललं आणि १५ ऑक्टोबर २०१९ पासून नवा नियम लागू झाला. त्यानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेनं स्वतःहून रक्कम परत जमा करायची. उशीर झाला तर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई खातेदाराच्या खात्यात टाकायची, तीही स्वतःहून, खातेदारानं मागण्याची वाट न पाहता. हा नियम देशातल्या देशात झालेल्या व्यवहारांसाठी आहे. परदेशातल्या मशीनवर पैसे अडकले, तर ही मुदत आणि भरपाई लागू होत नाही.

परिपत्रकात दिवस कॅलेंडरचे धरले आहेत, त्यामुळे ‘मध्ये सुट्ट्या आल्या’ हे कारण चालत नाही. काकूंचा व्यवहार ९ जानेवारीचा, शुक्रवारचा. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार, दोन्ही दिवस बँक बंद. तरीही मोजणी थांबत नाही. दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा. १४ जानेवारीपर्यंत पैसे यायला हवे होते. ते आले २३ जानेवारीला, म्हणजे नऊ दिवस उशिरा. हिशोब सरळ आहे: मूळ १०,००० आणि वर ९०० रुपये भरपाई. खात्यात फक्त दहा हजारच जमा झाले. ‘स्वतःहून’ हा शब्द कागदावर जितका छान दिसतो तितका काउंटरवर पाळला जाईलच, असं नाही. म्हणून पासबुकात दोन नोंदी शोधायच्या, एक मूळ रकमेची आणि एक भरपाईची. दुसरी नसेल तर परिपत्रकाची तारीख आणि उशिराचे दिवस लिहून ती मागायची.

मग तक्रार करायची की नुसती वाट बघायची? कायद्यानं बँकेला तक्रारीची गरज नाही, पण मी म्हणेन त्याच दिवशी करा. उलटा संदेश सुटला असेल तर तासाभरात पैसे येतील आणि तक्रार आपोआप निकाली निघेल. सुटला नसेल तर तुमच्या हातात तारीख असेल. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर एटीएम व्यवहाराच्या तक्रारीचा पर्याय असतो. तो नसेल तर कार्डाच्या मागच्या बाजूवरचा क्रमांक लावा किंवा शाखेत लेखी अर्ज द्या. व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि मशीनची जागा लिहा. मशीनवर किंवा स्लिपवर त्याचा क्रमांक असेल तर तोही लिहा. दहा हजार मागितले आणि सहाच बाहेर आले, तर ‘पैसे आले नाहीत’ असं लिहू नका. किती आले आणि किती राहिले हे आकड्यांत लिहा, नाहीतर चौकशीत तुमचंच म्हणणं खोटं ठरेल. आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. काकूंकडे पहिले तीन दिवस तोच नव्हता. सगळं तोंडी.

स्लिप नसली तर सगळं संपलं, हाही समज खोटा आहे. कित्येकदा अशा वेळी स्लिप निघतच नाही. मशीनची नोंदवही, स्विचवरची नोंद आणि खात्याचं विवरण या तिन्हींत व्यवहार असतोच.

अवघड प्रकरण वेगळंच असतं. बँक उत्तर देते, ‘आमच्या नोंदीप्रमाणे व्यवहार यशस्वी झाला आहे, रक्कम दिली गेली आहे.’ याचे दोन अर्थ निघू शकतात. एक तर नोंद चुकीची आहे. किंवा नोटा खरंच बाहेर आल्या, पण तुम्ही वैतागून निघून गेल्यावर, आणि मागच्याच्या हाती लागल्या. म्हणून पडदा पहिल्या पानावर परत येईपर्यंत तिथून हलू नये. असं उत्तर आलं तर ‘तपासून पाहा’ एवढंच म्हणून थांबू नका. त्या व्यवहाराची मशीनमधली नोंद, त्या दिवशीचा रोकड ताळेबंद आणि कॅमेऱ्याचं चित्रण पाहून उत्तर द्यावं, असं लेखी मागा. दहा हजार जास्तीचे निघाले की नाही, हे रोकड मोजल्यावर लपत नाही. चित्रण मात्र कायमचं साठवून ठेवत नाहीत, म्हणून ही मागणी लवकर करायची. कधी कधी चौकशी सुरू असताना तात्पुरती रक्कम जमा होते आणि असं उत्तर आल्यावर ती परत कापली जाते, त्यामुळे पैसे आले म्हणून कागद फेकून देऊ नका.

बँकेनं तक्रार फेटाळली, उत्तर पटलं नाही किंवा ३० दिवसांत काहीच कळवलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. एकात्मिक लोकपाल योजनेत यासाठी फी नाही आणि वकीलही लागत नाही. तक्रार cms.rbi.org.in वर करता येते. बँकेकडे आधी तक्रार न करता थेट इथं आलात तर तक्रार ग्राह्य धरली जात नाही, आणि तिथं विचारतात तोच तक्रार क्रमांक.

उरलेले समज थोडक्यात. मशीनमध्ये रोकडच नसली तर ग्राहकाला दहा हजार मिळतात, अशी एक बातमी फिरते. तो दंड बँकेला होतो, महिन्यात दहा तासांहून जास्त वेळ मशीन रिकामं राहिलं तर, आणि तो रिझर्व्ह बँकेकडे जातो. फसलेला व्यवहार महिन्याच्या मोफत व्यवहारांत धरतात, हेही चूक. तांत्रिक बिघाडानं किंवा रोकड नसल्यानं फसलेला व्यवहार मोजायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०१९ मध्येच स्पष्ट केलं आहे. आणि मदतीचा क्रमांक इंटरनेटवर शोधून फोन करायचा, हा तर समज नव्हे, सापळा आहे. तिथला ‘अधिकारी’ अडकलेले दहा हजार सोडवायला ओटीपी मागतो आणि खात्यातलं उरलेलंही घेऊन जातो.

काकूंनी ९०० रुपयांसाठी वेगळा अर्ज दिला, पंधरा ते तेवीस तारखा बोटावर मोजून लिहिल्या. अकरा दिवसांनी ते जमा झाले. रिक्षाचे पैसे मात्र त्यांनी मागितले नाहीत, कारण तीन दिवस ज्या दोन शाखांत हेलपाटे घातले त्यांतली एक मशीनवाल्यांची होती.