कोणती शाखा घ्यावी? कशेळीच्या मुलांसाठी दोन तासांचा एक पाठ

ठाण्याहून खाडीवरील पूल ओलांडून भिवंडीच्या वाटेस लागले म्हणजे कशेळी गाव लागते. ह्या बाजूस आता गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. दहावीच्या मुलांस अकरावीची शाखा निवडण्यास साह्य करावयाचे, तर त्याची सामग्री येथे दाराशीच आहे. तिच्या आधारे दोन तासांत घेता येईल असा एक पाठ आम्ही येथे मांडीत आहो. तो निकालानंतर घेऊ नये, पूर्वपरीक्षा आटोपताच घ्यावा. गुणपत्रिका हाती आली म्हणजे मूल स्वतःविषयी विचार करीत नाही, टक्क्यांविषयी करिते. घरातील काका-मामांचेही तेच होते.

पहिला पाऊण तास खोक्याच्या प्रवासास द्यावा. चार-चार मुलांचे गट करून प्रत्येक गटापुढे एक रिकामे खोके ठेवावे. हे खोके गोदामात उतरल्यापासून गिऱ्हाइकाच्या दारी पोचेपर्यंत त्यास कोणाकोणाचे श्रम लागले, ते गटाने लिहावे. मुले बहुधा हमाल आणि ड्रायव्हर लिहून थांबतील. मग शिक्षकाने विचारावे: कराचे बीजक कोणी केले? आग विझविण्याच्या नळांची मांडणी कोणी आखली? खोक्यात औषधे असली तर ती किती थंडाव्यात ठेवावी, हे कोणास ठाऊक? जागेच्या भाड्याचा करारनामा कोणी लिहिला? एकाच छपराखाली तिन्ही शाखांची माणसे राबत आहेत, हे मग सांगावे लागत नाही. ह्या यादीतून प्रत्येकाने एक आवडणारे व एक जमेलसे वाटणारे काम निवडावे. दोन्ही निराळी आली तर बिघडत नाही; आवडीनिवडीच्या प्रश्नांवरून कुवत कळत नाही, एवढे मुलांनी जाणले म्हणजे पुरे.

पुढील एक तास दारांच्या तक्त्याचा, आणि पाठाचा गाभा तोच. आपण काय घेतो, यापेक्षा काय सोडतो हे मुलांनी पाहावयाचे. डाव्या बाजूस सोडलेला विषय, मध्ये बंद होणारे दार, उजवीकडे ते पुन्हा उघडते का, अशी तीन घरे आखावी. गणित सोडले तर राज्यातील अभियांत्रिकीच्या पदवीचे दार मिटते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत नौदल व हवाईदल मिटते, भूदल मात्र कोणत्याही शाखेस उघडे राहते. जीवशास्त्र सोडले तर वैद्यकी मिटते. पण हा विषय मागाहून जादा देऊन प्रवेशपरीक्षेस बसण्याची सवलत 2023 साली मिळाली आहे. कायद्याचे दार कोणतीच शाखा मिटवीत नाही. नियम बदलतात, म्हणून तक्ता दरवर्षी त्या-त्या परीक्षेच्या माहितीपत्रकावरून ताडून घ्यावा.

कित्येक दारे मिटलेली दिसत नाहीत, पण जड झालेली असतात. समजा, एका मुलीस सनदी लेखापाल व्हावयाचे आहे आणि गणिताचा तिला धाक आहे. वाणिज्य शाखेत गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेता येते, म्हणून ती सुटकेचा श्वास टाकिते. तक्त्यात दारही उघडेच दिसते, कारण लेखापालाच्या परीक्षेस शाखेची अट नाही. परंतु तिच्या पहिल्याच पायरीवर, फाउंडेशन परीक्षेत, चार पेपरांपैकी तिसरा व्यापारी गणित, तर्क व संख्याशास्त्राचा आहे. प्रत्येक पेपरात शंभरांत किमान 40 व चारही मिळून निम्मे गुण हवे. शिवाय तिसऱ्या पेपरात चुकीच्या उत्तरास पाव गुण कापतात. म्हणजे जे टाळले ते दोन वर्षांनी, सराव मोडल्यावर, पुढे उभे राहिले. तिला वाणिज्य घेऊ नको असे कोणी म्हणू नये. शिक्षकाने तिची पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका उघडावी. रीत बरोबर आणि आकडेमोड चुकलेली असेल, तर तो धाक सरावाने जातो व गणित ठेवावे. उदाहरण कोठून आरंभावे हेच सुचत नसेल, तर मे-जूनमध्ये शिकवून पाहून मग ठरवावे.

उरलेल्या पाव तासात प्रत्येकाने एकट्याने विचारपत्र भरावे. त्यात प्रश्न चारच: मी कोणता विषय सोडीत आहे, आणि कोणते दार मिटते? तो विषय नको वाटावा असे नेमके काय घडले? ही शाखा मला प्रथम कोणी सुचविली? ती न मिळाल्यास माझी दुसरी वाट कोणती? दुसऱ्या प्रश्नास “कंटाळा येतो” आणि तिसऱ्यास मैत्रिणीचे नाव आले, तर निवड अजून झालेली नाही असे समजावे.

पत्र घरी न्यावे. वडील मंडळींनी ते वाचून खाली एकच ओळ लिहावी, उत्तरे मात्र खोडू नयेत. आठ दिवसांनी मुलाने जुने पत्र न पाहता कोरे पत्र पुन्हा भरावे. दोन्ही पत्रे शेजारी ठेवून, ज्यांची पहिली वा तिसरी उत्तरे बदलली असतील तेवढ्याच मुलांस शिक्षकाने दहा-दहा मिनिटे एकेकटे बोलवावे, आणि शक्य तर त्या वेळी घरचे एक माणूसही सोबत असावे.