पैसे कट झाले, पेमेंट अडकलं

बँकेच्या तक्रार विभागात मी काही वर्षं यूपीआयच्या तक्रारींचे ई-मेल वाचत होतो. विषयाच्या ओळीत बहुतेकदा ‘अर्जंट’ असतं आणि त्यापुढे तीन-चार उद्गारचिन्हं. आत एखाद-दुसरं वाक्य: पैसे कट झाले, समोरच्याला मिळाले नाहीत, लवकर परत करा. खाली दोन-तीन स्क्रीनशॉट जोडलेले. लिहिणाऱ्याला वाटतं, स्क्रीनशॉट जोडले म्हणजे सगळं सांगून झालं. मेल वाचणाऱ्याचं खरं काम मात्र त्या चित्रांपासून सुरू होतं, कारण हवं असलेलं नेमकं तेवढंच त्यात कापलं गेलेलं असतं.

हवा असतो बारा अंकी क्रमांक. कुठल्या ॲपमध्ये त्याला यूटीआर म्हणतात, कुठे यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी, तर बँकेच्या एसएमएसमध्ये तो नुसता ‘रेफ. नं.’ म्हणून येतो. ॲपचा स्वतःचाही एक वेगळा क्रमांक असतो. तो बऱ्याचदा लांबलचक, अक्षरं आणि आकडे मिसळलेला असतो आणि बँकेला त्याचा काडीचा उपयोग नसतो. आम्ही शोधायचो ते बारा आकडे. त्यातला पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. १७ जून हा २०२५ सालातला १६८वा दिवस, म्हणून त्या दिवशीच्या व्यवहाराचा क्रमांक ५१६८ने सुरू होतो. सवय झाली की तारीख न विचारता क्रमांकावरूनच कळतं, आणि मेलमधली तारीख क्रमांकाशी जुळत नसेल तर गडबड कुठे आहे याचाही अंदाज येतो.

बार्शीकडच्या एका शेतकऱ्याचा मेल असाच १७ जूनच्या व्यवहाराचा होता. पेरणीचे दिवस. कृषी सेवा केंद्रात सोयाबीनचं बियाणं आणि खत मिळून ८,६४० रुपये झाले. काउंटरवरचा क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, चक्र फिरत राहिलं आणि स्क्रीनवर ‘प्रोसेसिंग’ आलं. बँकेचा पैसे वजा झाल्याचा एसएमएस आला, पण दुकानातला स्पीकर काही बोलला नाही. मागे रांग होती. दुकानदार म्हणाला, “पैसे आलेच नाहीत, परत मारा.” वीस-बावीस मिनिटांनी त्यांनी तेवढीच रक्कम त्याच खात्यातून पुन्हा पाठवली. या वेळी स्पीकर बोलला, माल मिळाला. खात्यातून एकूण १७,२८० रुपये गेले होते.

मेलला तीन स्क्रीनशॉट होते. पहिला बँकेच्या एसएमएसचा. दुसरा ‘प्रोसेसिंग’च्या पानाचा, पण वरचा अर्धाच, क्रमांक खाली असतो, तो आलाच नव्हता. तिसरा हिरव्या टिकमार्कचा. मेलच्या मजकुरात त्यांनी हाताने टाइप केलेला क्रमांक होता तो या तिसऱ्याचा, म्हणजे यशस्वी झालेल्या पेमेंटचा. साहजिकच होतं ते, कारण पूर्ण क्रमांक स्वच्छ दिसत होता तो तेवढ्या एकाच चित्रात. मेल आधी हाताळणाऱ्याने तो क्रमांक सिस्टिममध्ये टाकला, ‘यशस्वी, लाभार्थीला रक्कम जमा’ असं उत्तर आलं, आणि तक्रार बंद झाली. दुसऱ्या दिवशी त्यांचा संतापलेला मेल आला, तेव्हा ती माझ्याकडे आली. एसएमएसचं चित्र मोठं करून बघितलं. त्यातला क्रमांकही ५१६८नेच सुरू होत होता, पण शेवटचे आकडे निराळे होते. वेळ ११:५२ होती. हिरव्या टिकमार्कची वेळ होती १२:१४. अडकलेला व्यवहार हा ११:५२चा होता.

तो शोधला तर पडद्यावर शेरा होता ‘डीम्ड’. ग्राहकाला हा शब्द कधीच दिसत नाही, आणि सगळी मेख त्यातच असते.

यूपीआयमध्ये पैसे दोन टप्प्यांत जातात. मध्ये बसलेली एनपीसीआयची यंत्रणा आधी पाठवणाऱ्याच्या बँकेला ‘वजा करा’ म्हणते. तिकडून होकार आला की घेणाऱ्याच्या बँकेला ‘जमा करा’ म्हणते. घेणाऱ्याच्या बँकेने स्पष्ट नकार दिला, उदाहरणार्थ ते खातं बंद आहे, तर वजा झालेले पैसे लगेच उलटे फिरतात, बऱ्याचदा काही क्षणांतच. पंचाईत होते ती घेणाऱ्याची बँक हो किंवा नाही काहीच बोलत नाही तेव्हा. तिच्या सर्व्हरने पैसे जमा केले आणि उत्तर वाटेत हरवलं, की तिच्यापर्यंत निरोपच पोहोचला नाही, हे मधल्या यंत्रणेला त्या घडीला कळायला मार्ग नसतो. अशा वेळी पैसे परत फिरवले आणि तिकडे ते आधीच जमा झालेले असले, तर एकच रक्कम दोघांच्या खात्यात दिसेल. म्हणून असा व्यवहार ‘झाला असं धरून’ बाजूला ठेवला जातो आणि घेणाऱ्याच्या बँकेने आपली नोंद तपासून दोनपैकी एक सांगायचं असतं: रक्कम जमा केली, किंवा रक्कम परत पाठवतो. पहिल्याला आमच्या भाषेत टीसीसी म्हणत आणि दुसऱ्याला रिटर्न.

म्हणजे पैसे कट झाले आणि समोर पोहोचले नाहीत, याचा अर्थ ते परत येतीलच असा नाही. ते उशिरा समोर पोहोचूही शकतात. ॲपवर ‘फेल्ड’ लिहिलं असेल तर परतीची वाट बघण्यात अर्थ आहे. ‘प्रोसेसिंग’ किंवा ‘पेंडिंग’ असेल तर व्यवहार अजून जिवंत आहे, आणि तेव्हा दुसऱ्यांदा पैसे पाठवणं म्हणजे दोनदा देण्याची तयारी ठेवणं. रांगेत उभं राहून, दुकानदार डोळे वटारत असताना हे सुचत नाही, हेही खरं. निदान दुसरं पेमेंट रोख करावं आणि बिलावर तसं लिहून घ्यावं.

बार्शीच्या व्यवहारात १८ तारखेला टीसीसी लागली होती. पैसे दुकानदाराच्या खात्यात गेले होते. मी फोन केला.

“साहेब, दुकानदार तर म्हणतोय आलेच नाहीत. स्पीकर वाजलाच नाही ना.”

“स्पीकरचं सोडा. त्यांना म्हणावं, पासबुक भरून आणा आणि १८ तारखेची नोंद बघा. क्रमांक मी तुम्हाला लिहून पाठवतो.”

उशिरा, मागच्या दाराने जमा झालेल्या रकमेची घोषणा सहसा होत नाही. दुकानदार खोटं बोलत होता असं मला वाटलं नाही. दिवसाकाठी एवढे व्यवहार होत असताना आदल्या दिवसाची एक नोंद कोण शोधतो? पासबुकात ती निघाली. आता ते पैसे दुकानदाराच्या खात्यातून बँक परस्पर काढून देऊ शकत नव्हती. तिथे जमा झालेली रक्कम त्याच्या संमतीशिवाय हलत नाही. दुकानदाराने ती पुढच्या युरियाच्या बिलात वळती करून दिली.

हेच पैसे परत यायचे असते, तर मुदतीचा प्रश्न आला असता. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात मुदती घालून दिल्या आहेत. व्यक्तीकडून व्यक्तीला पाठवलेले पैसे पोहोचले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि व्यापाऱ्याला केलेल्या पेमेंटची पुष्टी मिळाली नाही तर पाच दिवसांपर्यंत ते परत यायला हवेत. त्यापुढे रोजचे १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. दिवस मोजायचे ते कॅलेंडरचे. मधला रविवार वगळायचा नाही. १७ जूनचा व्यवहार व्यक्ती-ते-व्यक्ती धरला आणि पैसे २१ जूनला परत आले, तर १८च्या पुढचे तीन दिवस म्हणजे ३०० रुपये.

यातही एक खोच आहे. दुकानात दिलेलं प्रत्येक पेमेंट ‘व्यापाऱ्याचं’ नसतं. दुकानदाराने स्वतःच्या बचत खात्याचा साधा क्यूआर चिकटवला असेल, तर यंत्रणेच्या लेखी तो एक माणूसच. त्याला लागू होते ती एक दिवसाची मुदत. मेल वाचणारा घाईत ‘दुकान’ शब्द बघून पाच दिवस थांबा असं छापील उत्तर पाठवतो. ते नेहमीच बरोबर असतं असं नाही, म्हणून ‘हा व्यवहार कोणत्या प्रकारात नोंदला आहे’ असं मेलमध्ये सरळ विचारावं.

आम्हाला चटकन सुटणारे मेल साधारण असे असत:

“दि. १७ जून, सकाळी ११:५२. रक्कम ₹८,६४०. माझ्या खात्याचे शेवटचे चार अंक अमुक. बारा अंकी क्रमांक अमुक. घेणाऱ्याचा यूपीआय आयडी अमुक. ॲपवर अजून ‘प्रोसेसिंग’ दिसते. याच दुकानात १२:१४ला त्याच रकमेचे दुसरे पेमेंट यशस्वी झाले, त्याचा क्रमांक वेगळा असून त्याबद्दल तक्रार नाही. पहिल्या व्यवहाराची सद्यस्थिती आणि रक्कम जमा झाली की परत येणार, हे कळवावे.”

क्रमांक टाइप केलेलाच हवा. चित्रातले आकडे कॉपी करता येत नाहीत, आणि बारा आकडे बघून बघून टाइप करताना ३चा ८ व्हायला वेळ लागत नाही. सोबत दोन चित्रं पुरतात: ॲपमधल्या त्या व्यवहाराचं तळापर्यंतचं पान, आणि खात्याच्या उताऱ्यातली त्याच क्रमांकाची वजावट. उतारा बघण्याचा एक फायदा म्हणजे, पैसे आधीच परत आलेले असतील तर ते तिथे सापडतात. परतीची नोंद वेगळ्या ओळीत, कधी वेगळ्या तारखेला जमा म्हणून येते आणि मूळ वजावट तशीच राहते, त्यामुळे ती नजरेतून सुटते. किती तरी तक्रारी आम्ही ‘रक्कम अमुक तारखेला जमा आहे’ एवढ्या उत्तरावर बंद केल्या.

जोडू नये ते लोक हौसेने जोडतात. डेबिट कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो, आधार, एकदा तर यूपीआय पिन. यातलं काहीही या तक्रारीला लागत नाही. बँकेचा ई-मेल पत्ता आणि फोन नंबरही पासबुकावरून किंवा बँकेच्या ॲपमधूनच घ्यावा. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेल्या नंबरावर ‘रिफंडसाठी पिन टाका’ म्हणणारे भेटतात, आणि परत येणाऱ्या पैशांसाठी पिन कधीच लागत नाही.

खरं तर मेलच्याही आधी ॲपमधल्या त्याच व्यवहारावर जाऊन तिथलं मदतीचं बटण दाबणं सोपं, कारण क्रमांक तिथे आपोआप जोडला जातो. तिथून काही झालं नाही तर बँकेला मेल. बँक जो तक्रार क्रमांक देते तो आणि त्याची तारीख जपून ठेवावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा तिथे मागतात, आणि तो म्हणजे हाच मेल.