सातबाऱ्याच्या एका चौकटीतली पाच नावे

जुना सातबारा स्कॅन केला, त्यातली अक्षरे संगणकाने ओळखली, आता सगळे एक्सेलमध्ये आले की काम झाले, असे वाटते. प्रत्यक्षात अडचण तिथून सुरू होते. गाव नमुना सातमध्ये एका गटासाठी बहुधा एकच पान असते, पण त्या पानावरच्या भोगवटादारांच्या चौकटीत आणखी एक छोटा तक्ता दडलेला असतो. त्यात खाते क्रमांक, नाव, क्षेत्र, आकार, पोटखराबा आणि फेरफार क्रमांक येतात. या आतल्या तक्त्याच्या ओळींमध्ये बहुधा रेघा नसतात. त्यामुळे संगणकाला ती चौकट म्हणजे मजकुराचा एकच ढीग वाटतो.

समजण्यासाठी एक काल्पनिक गट घेऊ. गट १४२, क्षेत्र २.१०.००, म्हणजे दोन हेक्टर दहा आर, पोटखराबा नाही. चौकटीत सात ओळी आहेत. खाते ५७ वर एक नाव आहे, क्षेत्र ०.८०.००. त्याखाली खाते ३३ वर वडिलांचे नाव, क्षेत्र ०.९०.००, पण ही ओळ कंसात आहे. पुढे खाते ९१ वर तीन भावंडांची नावे आणि त्यांच्याखाली ‘सामाईक क्षेत्र’ अशी ओळ, तिच्यासमोर ०.९०.००. शेवटी खाते ११८ वर एका बाईंचे नाव, ०.४०.००.

सरळ एका नावाला एक ओळ करायला गेलो, तर पहिली चूक सामाईक क्षेत्राच्या ओळीवर होते. संगणक तिला आणखी एक खातेदार समजतो. ती चूक सुधारली, की भावंडांपुढची रिकामी जागा भरण्याचा मोह होतो. तिघांपुढे ०.९० लिहिले, तर बेरीज ३.९० हेक्टर होते आणि गट जवळजवळ दुप्पट होतो. तिघांत समान वाटून ०.३० लिहिणेही चूकच, कारण वाटणी कागदावर नाही. कागद एवढेच सांगतो की ०.९० हे क्षेत्र खात्याचे आहे, माणसाचे नाही.

म्हणून तक्ते तीन हवेत. पहिल्यात गट, दुसऱ्यात त्या गटातली खाती, तिसऱ्यात खात्यांवरची नावे. प्रत्येक आकडा जिथला आहे तिथे एकदाच लिहायचा.

```
गट:   १४२ | २१०००
खाती: १४२ | ५७  | ८०००  | चालू
      १४२ | ३३  | ९०००  | कंस
      १४२ | ९१  | ९०००  | चालू
      १४२ | ११८ | ४०००  | चालू
नावे: १४२ | ९१  | १ | थोरला भाऊ
      १४२ | ९१  | २ | बहीण
      १४२ | ९१  | ३ | धाकटा भाऊ
```

इथे क्षेत्र चौरस मीटरमध्ये आहे. ०.९०.०० मध्ये दोन टिंबे असल्याने एक्सेल त्याला आकडा मानत नाही. एक हेक्टर म्हणजे शंभर आर आणि एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, एवढे ठाऊक असले की रूपांतर सोपे. गट क्रमांकाचा रकाना मात्र आधीच ‘मजकूर’ ठरवून ठेवावा, नाहीतर १२/१ सारख्या हिश्श्याची तारीख होऊन बसते.

तक्ते जोडणारा दुवाही नीट निवडावा लागतो. नुसता खाते क्रमांक पुरत नाही, कारण तेच खाते गावातल्या दुसऱ्या गटावरही असू शकते आणि तिथले क्षेत्र वेगळे असते. गट १४२ सुद्धा अनेक गावांत सापडेल. म्हणून गाव, गट आणि खाते हे तिन्ही मिळून दुवा होतो. वरच्या नमुन्यात एकच गाव असल्याने ते लिहिलेले नाही.

आता कंस. फेरफाराने ज्याचा हक्क गेला त्याचे नाव कंसात जाते. फिकट स्कॅनमध्ये हा कंस हरवतो किंवा त्याचा ‘१’ होतो, आणि हक्क गेलेले वडील पुन्हा भोगवटादार ठरतात. अशी ओळ पुसू नये, तिच्यापुढे ‘कंस’ ही स्थिती लिहून ठेवावी. हक्क कोणाकडून कोणाकडे गेला, हे फेरफार क्रमांकावरून शोधता येते.

चूक राहिली का, हे बेरीज सांगते. चालू खाती ८०००, ९००० आणि ४००० मिळून २१००० होतात, म्हणजे गटाशी जुळतात. बेरीज ३०००० आली तर फरक नेमका ९००० चा आहे. तेवढ्याच क्षेत्राची ओळ शोधली की निसटलेला कंस सापडतो. खातेनिहाय पडताळणीला गाव नमुना आठ-अ आहे, त्यात एका खात्याचे सगळे गट एकत्र असतात. पण नावातली चूक बेरजेला दिसत नाही. लांब नाव दोन ओळींत मोडले तर एकाची दोन माणसे होतात. तिथे स्कॅन शेजारी ठेवून डोळ्यांनीच वाचावे लागते.

घरच्यांना वाचायला एकच सपाट यादी हवी असेल, तर ती या तीन तक्त्यांतून शेवटी काढावी. चालू खात्यांवरच्या प्रत्येक नावाला एक ओळ द्यावी आणि क्षेत्राच्या रकान्याला ‘खात्याचे क्षेत्र’ असे नाव द्यावे. ते क्षेत्र खात्याच्या पहिल्या नावापुढेच लिहावे आणि बाकीच्यांपुढे ‘सामाईक’. मग ती यादी कोणी कशीही बेरजेला लावली, तरी जमीन वाढत नाही आणि कोणा भावंडाच्या नावावर कागदाने न दिलेला हिस्साही चढत नाही.