गोळ्यांच्या पट्टीची मागची बाजू

2025 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने एक तातडीची सूचना काढली. 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधाची एसआर-13 या बॅचची बाटली कुणाकडे असेल, तर ते औषध लगेच थांबवावे आणि प्रशासनाला कळवावे, असा तिचा आशय होता. त्या सुमारास मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होत होती आणि त्यांतली अनेक मुले उपचारांसाठी नागपुरात आणली जात होती. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने या बॅचचा नमुना तपासला, तेव्हा त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष 48.6 टक्के निघाले. औषधात ते 0.1 टक्क्याच्या वर चालत नाही. वीसहून अधिक मुले दगावली.

त्या बाटलीवर मुदत छापली होती एप्रिल 2027. म्हणजे केवळ तारीख पाहणाऱ्या आईबापांना त्यात काहीच वावगे दिसले नसते. घरातली बाटली त्याच घाणातली आहे की नाही, हे सांगणारी एकच गोष्ट तिच्यावर होती, ती म्हणजे बॅच नंबर. औषध घेताना आपण सगळ्यात कमी वेळा वाचतो तो हाच.

गोळ्यांच्या पट्टीवर तो 'बी. नं.' किंवा 'लॉट' या अक्षरांपुढे असतो. कारखान्यात एका वेळी कच्चा माल मोजून, मिसळून, त्याचे दाणे करून जितक्या गोळ्या पाडतात, तितक्यांची मिळून एक बॅच होते. मूळ औषधाची पावडर कुठून आली, कोणत्या दिवशी कोणत्या यंत्रावर काम झाले, तपासणीत काय आढळले, ही सगळी नोंद त्या नंबराखाली कारखान्यात ठेवलेली असते. नंबर कसा रचायचा, हे ज्या त्या कंपनीवर असते. त्यामुळे त्यातल्या अक्षरांवरून बाहेरच्या माणसाने अर्थ काढत बसण्यात हशील नाही. तो जसाच्या तसा जुळवून पाहायचा असतो.

जुळवायचा तो यादीशी. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला तपासणीत नापास झालेल्या औषधांची यादी आपल्या संकेतस्थळावर लावते. तीत औषधाचे नाव, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, कंपनीचे नाव आणि नापास होण्याचे कारण असते. गोळीत औषध ठरल्यापेक्षा कमी निघाले किंवा ती नीट विरघळली नाही, ही नेहमीची कारणे. एखाद्या ओळखीच्या औषधाचे नाव त्या यादीत आले की घबराट उडते. पण नापास झालेली असते ती एक बॅच. त्याच नावाची, दुसऱ्या बॅचची रक्तदाबाची गोळी घाबरून बंद करण्यानेच अपाय व्हायचा.

बॅच नंबरालाही मर्यादा आहे. बनावट माल छापणारे खऱ्या पट्टीवरचा नंबर उचलतात, आणि मग कंपनीला सांगावे लागते की यादीतला हा माल आमचा नाहीच. म्हणूनच 1 ऑगस्ट 2023 पासून खूप खपणाऱ्या 300 ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. मोबाइलवर उघडणारी बॅच, मुदत आणि कंपनीचे नाव पट्टीवरच्या छपाईशी जुळते का, ते पाहावे.

आता एक पट्टी हातात घेऊ. सेफिक्झिम 200 मिलिग्रॅम, दहा गोळ्या. उत्पादन 09/2024, मुदत 08/2026. तारखेत दिवस नसतो, म्हणून पुष्कळांना वाटते की ऑगस्ट लागला की औषध संपले. नियमाप्रमाणे मुदत त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत असते. ही गोळी 31 ऑगस्ट 2026 पर्यंत चालेल, 1 सप्टेंबरला नाही.

त्या दिवशी गोळीचे विष होते, असे मात्र नाही. पट्टी बंद असेल आणि तिच्यावर लिहिल्याप्रमाणे ठेवली असेल, तर त्या दिवसापर्यंत औषधाचा जोर ठरल्या हद्दीत राहील, एवढी हमी कंपनीने चाचण्या करून दिलेली असते. पुढे जोर किती उतरेल, हे घरी बसून कळण्याचा मार्ग नाही. जंतू मारणाऱ्या किंवा हृदयाच्या औषधात तो धोका पत्करू नये. हमीला अट असते ती साठवणीची: 30 अंशांच्या आत, ओलावा आणि उजेड टाळून. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ही अट पहिल्याच दिवशी मोडते आणि छापील तारखेचा अर्थ उरत नाही. गोळ्या आधीच सोडवून डबीत भरल्या, तरी तेच. अ‍ॅस्पिरिनच्या डबीला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला, तर ओलाव्याने गोळी फुटून त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटू लागले आहे असे समजावे. मग मुदत कितीही शिल्लक असो, ती टाकावी.

खरी अडचण कापलेल्या पट्टीची. बॅच आणि मुदत बहुतेक वेळा पट्टीच्या एकाच टोकाला उमटवलेली असते. मेडिकलवाल्याने तेच टोक आधीच्या गिऱ्हाइकाला दिले, की आपल्या हाती येणाऱ्या चार गोळ्यांना ना नंबर, ना तारीख. अशा वेळी उरलेली पट्टी पाहायला मागावी आणि बिल घ्यावे. बिलावर दोन्ही आले आहे ना, ते दुकानातच वाचावे. घरी गोळ्या काढताना कोऱ्या टोकाकडून काढाव्यात, म्हणजे छापील टोक शेवटपर्यंत हाती राहते.

आपल्या सेफिक्झिमच्या पट्टीवर आणखी एक गोष्ट आहे: लाल रंगात आरएक्स हे चिन्ह आणि लाल चौकटीतला इशारा. ही परिशिष्ट एच-1 ची खूण. साधे आरएक्स असलेली परिशिष्ट एच मधली औषधेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात. पण तो नियम सर्रास मोडला जाऊ लागला आणि अँटिबायोटिक निकामी ठरू लागली, तेव्हा काही औषधांसाठी 1 मार्च 2014 पासून एच-1 ही कडक यादी लागू झाली. क्षयरोगावरची औषधे, सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक, झोपेच्या काही गोळ्या तीत आहेत. यांची विक्री करताना दुकानदाराने डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती नोंद तीन वर्षे ठेवायची असते. आरएक्सच्या आधी एन असेल, तर औषध अमली पदार्थांच्या कायद्याखालीही येते. एक्स असेल, तर ते परिशिष्ट एक्स मधले. त्याच्या चिठ्ठीची एक प्रत दुकानदार स्वतःकडे ठेवतो.

पट्टीवर आरएक्स दिसले आणि दुकानदाराने चिठ्ठी मागितली, तर तो अडवणूक करत नाही, कायद्याप्रमाणे वागतो आहे. चिठ्ठीशिवाय लाल चौकटीची पट्टी सहज हातावर ठेवणाऱ्या दुकानाबद्दल मात्र शंका घ्यावी. मागच्या आजारपणातल्या चार सेफिक्झिम कपाटात उरल्या असतील आणि मुदतही शिल्लक असेल, तरी घरातल्या दुसऱ्या कुणाला ताप आला म्हणून त्या देऊ नयेत. विषाणूने आलेल्या तापावर त्या गोळीचा काही उपयोग नाही, आणि जंतूने आला असेल, तर चार गोळ्या पुऱ्या पडत नाहीत.